पोस्टाच्या भरतीचा फोटो वाचताना: 41 वर्षांच्या एका अर्जदाराचे प्रकरण

ग्रामीण डाक सेवक भरतीची जाहिरात बहुतेकांपर्यंत पोहोचते ती मोबाइलवर आलेल्या फोटोतून. मूळ भित्तीपत्रक इंग्रजीत किंवा हिंदीत असते. कुणीतरी पोस्टाच्या फलकासमोर उभे राहून त्याचा फोटो काढतो आणि तो गटागटांतून फिरतो. प्रत्येक टप्प्यावर तो थोडा कापला जातो, थोडा धूसर होतो. इथे घेतलेले प्रकरण जानेवारी 2025 च्या अनुसूचीचे आहे, म्हणजे देशभरातील 21,413 जागांचे, ज्यासाठी अर्ज 10 फेब्रुवारी ते 3 मार्च 2025 या काळात घेतले गेले. अर्जदार उदाहरणासाठी धरलेली आहे, पण तिच्यासारखी माणसे सेतू केंद्राच्या बाकावर हमखास भेटतात. ती सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात राहते. जन्म 18 नोव्हेंबर 1983 चा, समाज धनगर, दहावी मार्च 1999 मध्ये मराठी माध्यमातून, गुण 750 पैकी 463. लग्नानंतर नाव बदलले. घरची शेती आहे आणि स्कूटर चालवता येते. तिचा प्रश्न एवढाच: "यात माझं बसतंय का, आणि बसत असेल तर फॉर्म कसा भरायचा?"

फोटोतला मजकूर थोडक्यात मराठीत असा येतो:

"ग्रामीण डाक सेवकांची ऑनलाइन नेमणूक, अनुसूची 1, जानेवारी 2025. पदे: शाखा डाकपाल, सहायक शाखा डाकपाल, डाक सेवक. वय 18 ते 40, अर्जाच्या शेवटच्या तारखेला. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत. शिक्षण: मान्यताप्राप्त मंडळाची दहावी, गणित आणि इंग्रजी या विषयांत उत्तीर्ण. स्थानिक भाषा किमान दहावीपर्यंत अभ्यासलेली असावी. संगणकाचे ज्ञान, सायकल चालवता येणे आणि उपजीविकेचे पुरेसे साधन आवश्यक. शुल्क 100 रुपये. महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दिव्यांग आणि ट्रान्सवुमन अर्जदारांना माफ. अर्ज फक्त indiapostgdsonline.gov.in या संकेतस्थळावर."

भाषांतर सोपे आहे. अडचण अशी की यातली निम्मी वाक्ये मराठीत आल्यावरही चुकीची समजतात, कारण त्यामागचा नियम फोटोत नसतो.

आधी फोटो खरा आणि चालू आहे का

अशा भरत्या वर्षातून एक-दोनदा येतात आणि दोन भित्तीपत्रकांत फरक असतो तो बहुधा तारखांचा आणि जागांच्या संख्येचा. त्यामुळे गेल्या वेळचा फोटो नव्याने फिरला तर तो जुना आहे हे ओळखायला एकच खूण उरते, ती म्हणजे वरच्या ओळीतला महिना आणि वर्ष. नेमकी हीच ओळ कापलेल्या फोटोतून जाते. दुसरी कमजोर जागा शेवटच्या तारखेची. धूसर फोटोत 3 चा 8 होतो, आणि फोटोवरून आपोआप भाषांतर करणारे अॅप ती चूक तशीच स्वच्छ अक्षरांत छापून देते, त्यामुळे शंकाही येत नाही. म्हणून फोटोतला एकही आकडा फोटोवरून पक्का धरायचा नाही. संकेतस्थळ उघडून तिथली मूळ सविस्तर सूचना समोर ठेवायची आणि तारीख, वय, शुल्क या तीन गोष्टी तिथून घ्यायच्या.

पत्ता टाइप करताना शेवट gov.in असाच हवा. त्याच नावाच्या पुढे-मागे एखादा शब्द जोडलेली संकेतस्थळे शोधयंत्रात सापडतात. फोटोच्या खाली एखादा मोबाइल नंबर किंवा पैसे भरायचा क्यूआर कोड चिकटवलेला असेल, तर तो भाग डाक विभागाचा नाही. या भरतीत शुल्क संकेतस्थळावरच भरले जाते आणि निवडीसाठी विभाग कुणाला फोन करत नाही.

"नेमणूक" म्हणजे कसली

भित्तीपत्रकावर "रिक्रूटमेंट" नाही, "एंगेजमेंट" असे लिहिलेले असते. ग्रामीण डाक सेवक हा पोस्टाच्या नेहमीच्या सेवेबाहेरचा कर्मचारी आहे. त्याला केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचे वेतन मिळत नाही, वेळेशी निगडित सातत्य भत्ता मिळतो. शाखा डाकपालासाठी तो 12,000 ते 29,380 रुपये आणि इतर दोन पदांसाठी 10,000 ते 24,470 रुपये या श्रेणीत आहे, वर महागाई भत्ता. काम रोजचे सुमारे चार ते पाच तासांचे. फिरणाऱ्या संदेशांत मोठा आकडा "पगार" म्हणून सांगतात, पण तो श्रेणीचा शेवट आहे. सुरुवात लहान आकड्यापासून होते.

हे एकदा समजले की "उपजीविकेचे पुरेसे साधन" ही अट उलगडते. वाचणाऱ्यांपैकी काहीजण तिचा अर्थ लावतात की उत्पन्नाचा दाखला मोठ्या रकमेचा हवा, तर काहीजण उलट की गरीब असल्याचा पुरावा हवा. दोन्ही नाही. अर्धवेळ कामाच्या भत्त्यावर घर पूर्णपणे अवलंबून राहू नये, शेती, दुकान किंवा घरातले दुसरे उत्पन्न असावे, एवढीच अपेक्षा. आपल्या अर्जदाराची शेती इथे पुरते.

वय: फोटोने बाद ठरवलेली बाई अर्जाला पात्र कशी

शेवटच्या तारखेला, म्हणजे 3 मार्च 2025 ला, तिचे वय 41 वर्षे 3 महिने 13 दिवस भरते. भित्तीपत्रकात "40" ठळक आहे आणि सवलतीची ओळ बारीक. ठळक आकडा वाचूनच बहुतेकांनी तिला "गेलं तुझं वय" असे सांगितले असते. सविस्तर सूचनेत सवलत अशी आहे: अनुसूचित जाती-जमाती 5 वर्षे, इतर मागासवर्ग 3 वर्षे, दिव्यांग 10 वर्षे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला वयात सवलत नाही, आणि केवळ महिला म्हणूनही नाही. शुल्कमाफी महिलांना आहे म्हणून वयातही असेल असा समज सर्रास दिसतो.

मग तिचा प्रवर्ग कोणता? तिच्या हातातल्या दाखल्यावर "भटक्या जमाती (क)" लिहिले आहे, आणि फॉर्मवरच्या यादीत असा पर्याय नाही. महाराष्ट्रातल्या अर्जदारांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. विजाभज, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी हे प्रवर्ग राज्याचे आहेत. डाक विभाग केंद्राचा आहे आणि तो फक्त केंद्राच्या याद्या ओळखतो. यादीत आपला प्रवर्ग न दिसल्यामुळे काहीजण "जमाती" हा शब्द पाहून अनुसूचित जमाती निवडतात. त्या अर्जाची वाट पडताळणीच्या टेबलावर संपते, कारण दाखला जुळत नाही. काहीजण घाबरून सर्वसाधारण निवडतात आणि हक्काची सवलत सोडतात.

बरोबर पद्धत अशी की आपली जात महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय इतर मागासवर्ग यादीत आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या यादीत पाहायचे. धनगर त्या यादीत आहे. म्हणून फॉर्मवर तिने "ओबीसी" निवडायचे, आणि तीन वर्षांच्या सवलतीने तिची मर्यादा 43 वर जाते. ती बसते.

मराठा अर्जदारांसाठीही एक वाक्य इथेच सांगायला हवे. एसईबीसी दाखला या फॉर्मवर कुठेच चालत नाही. कुणबी नोंद सापडून तसा जातीचा दाखला मिळाला असेल तर ओबीसी, नाहीतर निकषांत बसत असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, अन्यथा सर्वसाधारण.

केंद्राच्या नमुन्यातला दाखला

ओबीसी निवडले म्हणजे काम झाले असे नाही. तिच्याकडे राज्याच्या नमुन्यातले जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर आहे. केंद्राच्या नोकरीसाठी वेगळा नमुना लागतो. त्यात जात केंद्राच्या यादीत असल्याचा आणि उमेदवार क्रिमीलेअरमध्ये येत नसल्याचा उल्लेख एकाच कागदावर असतो. हा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत कार्यालयातून मिळतो. अर्ज आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतूतून करता येतो. सोबत जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि उत्पन्नाचे दाखले लागतात. सेतूत मागताना "सेंट्रलचा ओबीसी" असे स्पष्ट म्हणावे. नुसते "नॉन-क्रिमीलेअर" म्हटले तर राज्याचाच कागद हातात पडतो.

विवाहित महिलांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार चुकते. जात आणि क्रिमीलेअर, दोन्ही वडिलांच्या घरावरून ठरतात, नवऱ्याच्या नाही. नवरा नोकरीत असल्यामुळे उत्पन्न आठ लाखांवर जाते म्हणून दाखला मिळणार नाही, हा समज चुकीचा आहे. उलट, नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज केला तर तो परत येऊ शकतो. आई-वडिलांचे उत्पन्न तपासतानाही शेतीचे उत्पन्न आणि पगार आठ लाखांच्या मर्यादेत मोजत नाहीत. पगारदार पालकांसाठी पदाच्या दर्जाचा निकष वेगळा आहे.

दाखला मिळायला आठवडे लागू शकतात आणि अर्जाची मुदत तीन आठवड्यांची. म्हणून फोटो हाती आला त्याच दिवशी आधी दाखल्याचा अर्ज टाकायचा, भरतीचा फॉर्म नंतर. दाखल्यावरची तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधीची असली की पडताळणीत वाद उरत नाही.

दहावी, भाषा आणि चार दशांश

शिक्षणाची अट वाचताना दोन टोके दिसतात. पदवीधर समजतात की पदवीमुळे फायदा होईल. होत नाही, निवड फक्त दहावीच्या गुणांवर होते, परीक्षा नाही आणि मुलाखतही नाही. दुसरीकडे एखाद्याच्या गुणपत्रिकेत गणितात किंवा इंग्रजीत उत्तीर्णाचे गुण नसतील तर बाकी विषयांची टक्केवारी कितीही असली तरी उपयोग नाही.

"स्थानिक भाषा दहावीपर्यंत अभ्यासलेली" ही अट बोलता येण्याची नाही, गुणपत्रिकेवर विषय असण्याची आहे. जत तालुक्यात हा फरक थेट लागू पडतो, कारण पूर्व भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. कन्नड माध्यमातून शिकलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर मराठी हा विषय असेल तर तो महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे पोस्टाच्या राज्य पातळीवरच्या विभागात, अर्ज करू शकतो. आणि घरात अस्खलित कन्नड बोलणारी, पण मराठी माध्यमातून शिकलेली आपली अर्जदार पलीकडच्या विजयपूरच्या जागांसाठी पात्र ठरत नाही, कारण तिथली भाषा कन्नड आहे आणि तिने तो विषय घेतलेला नाही.

तिची टक्केवारी 463 भागिले 750, म्हणजे 61.7333. गुणवत्ता यादी चार दशांशांपर्यंत लावतात, त्यामुळे 62 असे गोल करून कुठेही लिहायचे नाही. फॉर्ममध्ये गुणपत्रिकेवर आहेत तेच गुण भरायचे. 1999 ची गुणपत्रिका 750 ची असते, पुढच्या वर्षांतली वेगळ्या बेरजेची, आणि सवयीने 500 किंवा 600 पैकी टाकणारे सायबर कॅफेवाले भेटतात.

आता न लपवता सांगायची गोष्ट. महाराष्ट्रात निवड यादी अनेक जागांवर नव्वदीच्या वर थांबते. 1999 मधले 61 टक्के आणि आजचे 95 टक्के एकाच तागडीत तोलले जातात, जुन्या वर्षांसाठी कसलीही भर नाही. पद्धत म्हणून हे न्याय्य वाटत नाही, पण नियम तोच आहे. पात्र असणे आणि निवड होणे यांतले अंतर अर्जदाराला आधीच कळले पाहिजे. तिला शुल्क नाही, केंद्राचा दाखला पुढेही उपयोगी पडेल, त्यामुळे अर्ज करणे वाया नाही. पण यासाठी कुणाला हजार-दोन हजार देऊन "सेटिंग" करणे मात्र शुद्ध तोटा. गुणांची यादी संगणक लावतो, त्यात मध्यस्थाला काही करता येत नाही.

संगणकाच्या आणि सायकलच्या अटीवर फार वेळ घालवायला नको. संगणकासाठी या भरतीत वेगळे प्रमाणपत्र मागितलेले नव्हते, त्यामुळे घाईने पैसे भरून कोर्स करायचे कारण नाही. सायकलच्या जागी स्कूटर किंवा मोटरसायकल चालवता येणे धरले जाते.

फॉर्म भरताना

संकेतस्थळावर तीन टप्पे आहेत: नोंदणी, शुल्क, प्रत्यक्ष अर्ज. नोंदणीला स्वतःचा चालू मोबाइल नंबर आणि ईमेल लागतो. एका नंबरवर एकच नोंदणी होते, म्हणून कॅफेवाल्याचा किंवा भाच्याचा नंबर देऊ नये. निवडीचा संदेश त्याच नंबरवर येतो, आणि तो न पोहोचल्याने पडताळणीची तारीख हुकल्याची उदाहरणे कमी नाहीत.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच. आपल्या अर्जदाराच्या आधारवर सासरचे नाव आहे, गुणपत्रिकेवर माहेरचे. फॉर्मवर माहेरचे टाकायचे. केंद्राचा ओबीसी दाखलाही जन्माच्या घरावरून मिळत असल्याने तो याच नावाशी जुळतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद पडताळणीच्या वेळी दाखवण्यासाठी ठेवायची, म्हणजे आधारवरचे नाव आणि अर्जातले नाव एकाच व्यक्तीचे आहे हे सिद्ध होते.

महिला म्हणून लिंग योग्य निवडले की शुल्काचा टप्पा तिला लागत नाही. फॉर्म पैसे मागत असेल तर नोंदणीत काहीतरी चुकीचे निवडले गेले आहे असे समजावे आणि पैसे भरण्याआधी तपासावे.

नंतर सर्कल आणि डिव्हिजन. डिव्हिजन म्हणजे पोस्टाचा विभाग, इथे सांगली, महसुली पुणे विभाग नाही. एका अर्जदाराला एकाच डिव्हिजनमध्ये अर्ज करता येतो, आणि त्या डिव्हिजनमधल्या जागांना पसंतीक्रम द्यायचा असतो. इथे दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, जागेपुढे लिहिलेला प्रवर्ग. केंद्राच्या भरतीतला सर्वसाधारण नियम असा की वयाची सवलत घेऊन आलेला उमेदवार राखीव जागेवरच धरला जातो, खुल्या जागेवर नाही. तिचे वय 40 च्या वर असल्याने तिने ओबीसी जागांनाच पसंती द्यावी. खुल्या जागा यादीत वर टाकून काही हाती लागत नाही.

दुसरी, पद आणि राहण्याचे ठिकाण. शाखा डाकपालाला निवडीनंतर त्याच गावात राहावे लागते आणि शाखेसाठी जागाही त्यानेच द्यायची असते. सहायक शाखा डाकपाल किंवा डाक सेवकाला त्या पोस्टाच्या हद्दीत राहावे लागते, पण कार्यालयाची जागा द्यावी लागत नाही. अर्ज करताना रहिवासाची अट नाही, त्यामुळे लोक शंभर किलोमीटरवरच्या शाखा डाकपालाच्या जागांवर भराभर टिक करतात आणि निवड झाल्यावर माघार घेतात. सासरच्या गावात तिला खोली मिळण्यासारखी असेल तर तिथली शाखा डाकपालाची जागा प्रथम, नंतर आसपासच्या इतर दोन पदांच्या.

फोटो आणि सहीच्या फाइलचा आकार फॉर्मवर लिहिलेला असतो. मोबाइलवरून काढलेला फोटो सहसा त्याच्या कितीतरी पट मोठा निघतो आणि अपलोड अडते. फोटो आधी छोटा करून ठेवावा, पण इतका नाही की चेहरा ओळखू येणार नाही. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करावी. शेवटी पूर्ण अर्जाचे पान एकदा सावकाश वाचून मगच सबमिट करावे आणि त्याची प्रिंट, नोंदणी क्रमांकासह, जपावी. 2025 मध्ये दुरुस्तीसाठी 6 ते 8 मार्च असे तीन दिवस ठेवले होते. ही मुदत आधीच सबमिट केलेल्या अर्जातल्या चुकांसाठी असते. 3 मार्चला अर्ज अर्धवट राहिला असेल तर तो त्या दिवसांत पूर्ण करता येत नाही.

यादी संकेतस्थळावर लागते आणि एकामागून एक अनेक याद्या निघतात, कारण निवड झालेले बरेचजण येत नाहीत. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून पाहणे थांबवू नये. नाव आले तर ठरलेल्या तारखेपर्यंत विभागीय कार्यालयात मूळ कागद आणि स्वसाक्षांकित छायाप्रतींचे दोन संच घेऊन जायचे: दहावीची गुणपत्रिका, केंद्राचा ओबीसी दाखला, जन्मतारखेचा आणि ओळखीचा पुरावा, सरकारी रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि तिच्या बाबतीत नावबदलाचा कागद.